एसएसबीच्या मुलाखतीत स्वतःची ओळख कशी द्यावी: पीआयक्यू भरण्यापासून उलटप्रश्नांपर्यंत

मॉक मुलाखतीला बसलेल्या मुलामुलींना 'स्वतःबद्दल सांगा' म्हटलं की बहुतेकांकडून एकच ओळख ऐकायला मिळते. नाव, गाव, वडिलांचा व्यवसाय, टक्के, आणि शेवटी एका दमात 'माझ्यात नेतृत्वगुण आहेत, मी शिस्तप्रिय आहे, मला देशसेवा करायची आहे'. पाठ केलेलं असल्याने मध्ये थांबवलं तर पुन्हा सुरुवातीपासून म्हणावं लागतं. सैन्यदलांसाठी अधिकारी निवडणाऱ्या सर्व्हिसेस सिलेक्शन बोर्डात, म्हणजे एसएसबीत, अशा ओळखीचा तोटा जास्त होतो. तिथे मुलाखत घेणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हणजे आयओने, तुमचा पीआयक्यू, म्हणजे तुम्हीच भरलेला वैयक्तिक माहितीचा फॉर्म, आधीच वाचलेला असतो. नाव-गाव त्याला माहीत असतं, आणि गुणांची यादी तर त्या दिवशी प्रत्येक उमेदवार त्याला ऐकवतो. त्याला तुम्ही काय केलंत आणि का केलंत हे हवं असतं.

ही ओळख कशी बांधायची ते खाली क्रमाने दिलं आहे. क्रम बदलू नका. बहुतेकांचं चुकतं ते यातच, कारण ते बोलण्याचा सराव आधी करतात आणि मजकूर नंतर शोधतात.

## 1. आधी पीआयक्यू घरी भरा

स्क्रीनिंग, म्हणजे सुरुवातीची चाळणी, पार झाल्यावर बोर्डात पीआयक्यू फॉर्म भरून घेतात. त्यात सर्वाधिक काळ कुठे राहिलात, ते ठिकाण जिल्ह्याचं मुख्यालय आहे का, आईवडिलांचं शिक्षण, व्यवसाय आणि उत्पन्न, भावंडं, दहावीपासूनचे गुण, वसतिगृहात होता की घरून जात होता, एनसीसी, खेळ, छंद, सांभाळलेल्या जबाबदाऱ्या आणि आधीच्या एसएसबीचे प्रयत्न असे रकाने असतात. तुमची मुलाखत या कागदावरून चालते. तोंडी ओळख ही या कागदाचीच बोलती बाजू असते, म्हणून तयारीही इथूनच सुरू करायची.

फॉर्मचा नमुना सहज मिळतो. घरी बसून पेनने तो पूर्ण भरा आणि प्रत्येक रकान्यासमोर, 'यावर तीन प्रश्न विचारले तर मी काय सांगेन?' हे स्वतःला विचारा. छंदात 'वाचन' लिहिलं असेल तर गेल्या दोन महिन्यांत काय वाचलं ते सांगता आलं पाहिजे. सांगता येत नसेल तर तो छंद खोडा आणि खरोखर जे करता ते लिहा. घरचा ट्रॅक्टर दुरुस्त करणं हाही छंद आहे, आणि त्यावर तुम्ही दहा मिनिटं न अडखळता बोलू शकता.

जबाबदाऱ्यांचा रकाना मुलं सर्वांत जास्त वाया घालवतात. एकतर तो कोरा सोडतात किंवा वर्गात कधीतरी मॉनिटर होतो म्हणून 'क्लास रिप्रेझेंटेटिव्ह' लिहितात. एनडीएला जाणारं सतरा वर्षांचं मूल मोठी पदं कुठून आणणार? बोर्डालाही ती अपेक्षा नसते. स्नेहसंमेलनात खुर्च्या आणि मांडवाचं काम बघितलं असेल, आई आजारी असताना धाकट्या भावाची शाळा आणि स्वयंपाक सांभाळला असेल, तर ते तुमच्या प्रसंगांत मोजायचं.

तपासा: फॉर्ममधली कोणतीही आकडेवारी विचारली तर कागद न बघता तोच आकडा सांगता येतो का? टक्के, वर्ष आणि वडिलांचं उत्पन्न या तीन ठिकाणी हमखास गडबड होते.

## 2. दोन प्रसंग निवडा आणि सुटे करा

नेतृत्वासाठी एक आणि शिस्तीसाठी एक, एवढे दोन प्रसंग पुरतात. पाच-सहा तयार ठेवले की कोणताच खोलवर सांगता येत नाही.

नेतृत्वाचा प्रसंग निवडताना एकच कसोटी लावा: तुम्ही नसता तर तिथे काही वेगळं घडलं असतं का? संघ जिंकला आणि तुम्ही त्यात होता, हे पुरेसं नाही. प्रसंग सापडला की तो पाच ओळींत लिहून काढा: अडचण काय होती, किती लोक आणि किती पैसे गुंतले होते, तुम्ही काय ठरवलं, कोणी विरोध केला, शेवटी काय झालं.

एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊन जाऊ. समजा उमेदवार तासगाव तालुक्यातला आहे, कोल्हापूरला वसतिगृहात राहून बी.एस्सी. झाला आहे आणि सैन्यात अधिकारी होण्यासाठीची सीडीएस ही लेखी परीक्षा पास होऊन एसएसबीला निघाला आहे. त्याचा पहिला मजकूर असा होता: 'मी होस्टेलमध्ये मेस सेक्रेटरी होतो. तिथे मी माझे नेतृत्वगुण दाखवून मेसची समस्या यशस्वीपणे सोडवली.' यात ऐकणाऱ्याला दिसण्यासारखं काहीही नाही. पाच ओळींत सुटं केल्यावर तेच असं झालं:

- महिन्याच्या 11 तारखेला मेसवाल्याने जेवण बंद केलं. 42 पैकी 9 मुलांचे दोन-दोन महिन्यांचे पैसे थकले होते.
- त्या संध्याकाळपासून जेवणाची सोय नव्हती आणि आठ दिवसांवर परीक्षा होती.
- जवळच्या खानावळीशी बोलून रोजच्या दराने जेवण ठरवलं. मग मेसवाल्यासोबत बसून थकबाकीची वही नावानिशी तपासली.
- थकबाकीदारांत दोन सीनियर होते. ते म्हणाले, 'तू कोण आम्हाला विचारणारा?' त्यांना सगळ्यांसमोर न बोलता खोलीवर जाऊन भेटलो.
- सात जणांनी पैसे दिले, दोघांनी मेस सोडली. सहा दिवसांनी मेस सुरू झाली. पुढच्या महिन्यापासून 5 तारखेपर्यंत पैसे आगाऊ, असं सर्वांकडून ठरवून घेतलं.

यात 'नेतृत्व' हा शब्द एकदाही आला नाही. तरीही ऐकणाऱ्याला पोरगा काय चीज आहे ते समजतं: आधी पोटाची सोय, मग हिशेब, मग माणसं. दोघांनी मेस सोडली हेही त्याने लपवलं नाही. सगळं गोड झालं असं सांगणाऱ्यापेक्षा असं सांगणाऱ्यावर विश्वास बसतो.

शिस्तीच्या बाबतीत मुलं हमखास आदर्श दिनचर्या सांगतात. पाचला उठतो, पळतो, वाचतो, दहाला झोपतो. हे ऐकून कोणालाच काही कळत नाही. सवय मोडण्याची वेळ आली तेव्हा तुम्ही काय केलंत, तिथे शिस्त दिसते. आपल्या उमेदवाराच्या घरी द्राक्षबाग आहे. ऑक्टोबर छाटणीनंतर पहाटे फवारणी असते, तेव्हा सकाळचं पळणं जमत नाही. म्हणून त्या दोन महिन्यांत तो संध्याकाळी पळतो, आणि पावसाने चार-पाच दिवस बुडाले तर तसं सांगतो. 'कधीच चुकवलं नाही' हे वाक्य आयओसमोर टिकत नाही. पुढचा प्रश्न 'परवा पळालात का?' असा असू शकतो.

सावधान: प्रसंग तुमचाच हवा. क्लासमधल्या मित्राचा किंवा व्हिडिओत ऐकलेला प्रसंग तिसऱ्या उलटप्रश्नाला उघडा पडतो, कारण त्यातल्या माणसांची नावं, त्या दिवशीची वेळ, खोलीत कोण कुठे बसलं होतं, हे तुमच्या डोळ्यांसमोर नसतं.

## 3. गुणवाचक शब्द काढून टाका

लिहिलेला मजकूर घ्या आणि स्वतःची स्तुती करणाऱ्या प्रत्येक शब्दाखाली रेघ मारा: जबाबदार, आत्मविश्वासू, मेहनती, टीम प्लेयर, शिस्तबद्ध. ते शब्द सरळ काढा. वाक्य उभं राहिलं तर ठीक. शब्द काढल्यावर काहीच उरलं नाही तर तिथे मुळात मजकूर नव्हता, असं समजा आणि प्रसंगाकडे परत जा.

बोर्ड ज्या पंधरा ऑफिसर लाइक क्वालिटीजवर उमेदवाराला जोखतं, त्यांची यादी सगळ्यांना ठाऊक असते. ती पाठ करून एकेक गुण ओळखीत पेरणं ही नेहमीची चूक आहे. ते गुण ओळखण्याचं काम अधिकाऱ्याचं आहे. तुम्ही त्याला कच्चा माल द्या.

दुसरी रेघ 'आम्ही' खाली मारा. आपल्याकडे मोठेपणा घेऊ नये म्हणून 'आम्ही केलं' म्हणायची सवय असते. मुलाखतीत त्याने तुमचा वाटा दिसेनासा होतो. 'आम्ही वर्गणी काढली' याऐवजी 'वर्गणीचं मी सुचवलं, गोळा दोघा मित्रांनी केली, हिशेब मी ठेवला' असं सांगा. याची उलट बाजूही सांभाळा: इतरांनी केलेलं काम त्यांच्याच नावावर सांगा. सगळ्या वाक्यांत 'मी' आला की अधिकारी विचारतो, 'बाकीचे काय करत होते?'

## 4. आता क्रम लावा

ओळख दीड मिनिटाच्या आसपास ठेवा. क्रम साधा: घर, शिक्षण चढउतारांसकट, एक जबाबदारी, खेळ किंवा छंद, सध्या काय करता. प्रसंग इथे पूर्ण सांगायचा नाही. त्याचा एका वाक्यात उल्लेख करून पुढे जायचं. अधिकाऱ्याला रस वाटला तर तो स्वतः तिथे परत येतो.

आपल्या उमेदवाराची ओळख अशी तयार झाली:

'सर, मी तासगाव तालुक्यातल्या एका गावचा. वडिलांची द्राक्षबाग आहे. आई घर पाहते आणि बागेचा हिशेबही तीच ठेवते. मोठी बहीण नर्स आहे, तिचं लग्न झालंय. दहावीपर्यंत गावात शिकलो, 86 टक्के मिळाले. बारावीला तासगावला गेलो, तिथे गणितात मागे पडलो आणि 61 टक्क्यांवर आलो. मग कोल्हापूरला बी.एस्सी. केलं, 74 टक्के मिळाले. कॉलेजात एनसीसीत होतो, सी सर्टिफिकेट आहे. दुसऱ्या वर्षी वसतिगृहाच्या मेसचा सेक्रेटरी होतो, 42 मुलांच्या जेवणाची आणि पैशांची जबाबदारी माझ्याकडे होती. कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळलो. सध्या गावी आहे. दिवसा वडिलांसोबत बागेत असतो, संध्याकाळी पळतो आणि रात्री अभ्यास करतो.'

बारावीचे 61 टक्के त्याने स्वतःहून सांगितले. पीआयक्यूत ते आहेतच, त्यामुळे झाकून उपयोग नव्हता. स्वतः सांगितल्यावर पुढचा 'का?' हा प्रश्न चौकशीसारखा न येता गप्पांसारखा येतो. त्याचं उत्तरही तयार हवं, आणि त्यात शिक्षकांना किंवा कॉलेजला दोष नको. 'पहिले सहा महिने अभ्यास समजतोय असं वाटत राहिलं, कोणाला विचारलं नाही' हे पुरेसं आहे.

सैन्यात का यायचं, हे ओळखीच्या शेवटी चिकटवू नका. तो प्रश्न स्वतंत्र येतो, तेव्हा स्वतंत्र उत्तर द्या.

तपासा: दीड मिनिटाच्या ओळखीत अधिकारी पकडू शकेल अशा किमान चार जागा आहेत का? वरच्या नमुन्यात आईचा हिशेब, बारावीचे गुण, मेस आणि बागेतलं काम या चार आहेत. प्रत्येकीवर पाच मिनिटं बोलायची तयारी ठेवा.

## 5. ज्या भाषेत बोलणार, त्याच भाषेत सराव करा

मुलाखत बहुधा इंग्रजीत सुरू होते. अडलात तर हिंदीत बोलता येतं, आणि त्यामुळे कोणी बाहेर काढत नाही. अडचण वेगळीच असते: मजकूर मराठीत सुचतो, क्लासवाले तो जड इंग्रजीत लिहून देतात आणि मूल तो घोकतं. मग प्रसंग सांगताना अचानक त्याची स्वतःची मोडकी भाषा बाहेर येते आणि फरक लगेच ऐकू येतो. म्हणून इंग्रजी ओळख तुम्हीच लिहा, छोट्या वाक्यांत, रोज वापरता त्या शब्दांत. 'मायसेल्फ अमुकतमुक' अशी सुरुवात टाळा, 'आय ॲम' पुरेसं आहे. वडील शेतकरी असतील तर 'फार्मर' म्हणा. 'ॲग्रिकल्चरिस्ट'ने काही वाढत नाही.

लिहिलेलं एकदा वाचून कागद बाजूला ठेवा. लक्षात फक्त क्रम राहू द्या: घर, शिक्षण, मेस, कबड्डी, सध्या. मोबाइलवर आवाज रेकॉर्ड करा. दुसऱ्या दिवशी न वाचता पुन्हा सांगा आणि दोन्ही ऐका. दोन्ही वेळा शब्द जसेच्या तसे असतील तर पाठांतर झालंय. पुन्हा सांगताना मुद्दाम मधूनच, बारावीपासून सुरू करा.

यानंतर कोणालातरी उलटप्रश्न विचारायला बसवा. तो लष्करातला असायची गरज नाही. खोचक विचारणारा मामा किंवा मोठी ताईही चालते. त्यांना एवढंच सांगा की प्रत्येक उत्तरानंतर 'मग?', 'का?' आणि 'कोणी नाही म्हणालं का?' विचारायचं. मेसच्या प्रसंगावर आपल्या उमेदवाराला असे प्रश्न आले:

'दोन महिने पैसे थकले, तोवर सेक्रेटरी काय करत होता?' इथे तो आधी गडबडला आणि मेसवाल्यावर ढकलू लागला. खरं उत्तर होतं: 'मेसवाला वही ठेवायचा आणि मी महिन्याच्या शेवटीही ती बघत नव्हतो, सर. नंतर दर रविवारी बघायला लागलो.' हेच उत्तर सगळ्यांत चांगलं होतं.

'ज्या दोघांनी मेस सोडली त्यांचे पैसे?' उत्तर: 'एकाने परीक्षेनंतर दिले. दुसऱ्याचे आले नाहीत, ते मेसवाल्याने सोडून दिले.'

'सीनियरला खोलीवर जाऊन काय म्हणालात?' इथे नेमकं वाक्य आठवावं लागतं. 'समजावलं' एवढ्यावर भागत नाही. 'म्हटलं, तुमच्याकडे बघून ज्युनियर थांबलेत, तुम्ही निम्मे दिलेत तरी बाकीचे देतील.'

सावधान: उलटप्रश्नांची उत्तरं लिहून ठेवू नका. प्रसंग खरा असेल तर ती आठवतात.

## 6. खोलीत

आत जाताना परवानगी घ्या, नमस्काराचे शब्द स्पष्ट म्हणा, बसायला सांगितलं की बसा. मुलाखत अर्ध्या तासापासून तासाभरापर्यंत चालू शकते, म्हणून पहिल्या मिनिटात सगळं सांगून टाकण्याची घाई नको.

'स्वतःबद्दल सांगा' हा सुटा प्रश्न येईलच असं नाही. बऱ्याचदा त्याऐवजी प्रश्नांची लांब माळ येते: दहावीपासूनचे गुण सांगा, कमी-जास्त का झाले, कोणते शिक्षक आवडले, कोणते नाही आणि का, जवळचे मित्र कोण, कोणत्या स्पर्धांत भाग घेतला, कोणती जबाबदारी सांभाळली. हे सगळं एका दमात विचारलं जातं. इथे मुलं गोंधळतात आणि पाठ केलेली ओळख म्हणू लागतात. तसं करू नका. माळ मध्ये न तोडता पूर्ण ऐका, मग ज्या क्रमाने विचारलं त्याच क्रमाने उत्तर द्या. घरी क्रम लक्षात ठेवायचा सराव केलेला असतो, तो इथे कामी येतो. एखादा मुद्दा सुटला तर 'सर, मित्रांबद्दलही विचारलं होतंत, तेही सांगतो' म्हणून जोडा. काही आठवलंच नाही तर पुन्हा विचारा. एखाद-दुसरा भाग सुटणं चालतं; अंदाजाने भलतंच सांगणं चालत नाही.

अधिकाऱ्याने मध्येच तोडलं तर थांबा. 'सर, एवढं पूर्ण करतो' म्हणून रेटू नका. त्याला जे हवं होतं ते मिळालेलं असतं.

एखादं उत्तर चुकीचं गेलं हे लगेच लक्षात आलं तर तिथल्या तिथे दुरुस्त करा: 'सर, मघाशी 2022 म्हणालो, ते 2023 आहे.' पीआयक्यू त्याच्यासमोर उघडा असतो, फरक त्याला दिसणारच असतो.

रिपीटर उमेदवाराला मागच्या वेळचं विचारतात. स्क्रीनिंगलाच बाहेर पडून स्क्रीन आऊट झालात की शेवटच्या दिवशी कॉन्फरन्स आऊट, ते सरळ सांगा आणि त्यानंतर बदललेली एक गोष्ट सांगा, जी करून दाखवता येते. 'आत्मविश्वास वाढला' हे उत्तर नव्हे. 'गटचर्चेत बोलायचो नाही, म्हणून कॉलेजच्या वक्तृत्व मंडळात जायला लागलो' हे उत्तर आहे.

## 7. बाकीच्या चाचण्यांशी जुळतंय ना?

मानसशास्त्रीय चाचण्यांच्या दिवशी स्वतःचं वर्णन लिहावं लागतं: आईवडील, शिक्षक, मित्र तुमच्याबद्दल काय म्हणतात, तुम्हाला स्वतःला काय वाटतं, आणि पुढे कसं व्हायचं आहे. वेळ पंधरा मिनिटांचा. हाही ओळखीचाच कागद आहे, फक्त दुसऱ्याच्या हातात जातो. मानसशास्त्रज्ञ, ग्राउंडवर गटाची कामं घेणारा अधिकारी म्हणजे जीटीओ, आणि आयओ हे तिघं तुम्हाला वेगवेगळे पाहतात आणि शेवटच्या दिवशी कॉन्फरन्सला एकत्र बसतात. मनसा, वाचा, कर्मणा असं या तीन बाजूंचं वर्णन बोर्डाच्या वर्तुळात नेहमी ऐकू येतं.

म्हणून वर्णनात आई काय म्हणते ते खरंच आईला विचारून लिहा. आपल्या उमेदवाराची आई म्हणाली, 'कामाला नाही म्हणत नाही, पण सांगितल्याशिवाय लक्षात येत नाही त्याच्या.' त्याने ते तसंच लिहिलं. मुलाखतीत वही न बघितल्याचं त्याने सांगितलं, तेव्हा दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या वाटल्या. वर्णनात 'आई मला अत्यंत जबाबदार मानते' आणि मुलाखतीत न बघितलेली वही, असं असतं तर कोणतं खरं हा प्रश्न उरला असता.

ग्राउंडवरही हेच लागू आहे. मुलाखतीत मेसचा प्रसंग सांगणारा मुलगा ग्रुप टास्कमध्ये फळी कोणी उचलायची यावर गप्प उभा राहिला तर त्याच्या प्रसंगाचं वजन कमी होतं. मुलाखत कोणाची आधी होते, कोणाची ग्राउंडच्या कामांनंतर. ती आधी झाली असेल तर बराकीत परतल्यावर काय विचारलं, काय उत्तर दिलं याची रात्रभर चर्चा करत बसू नका. तुमच्या प्रसंगावरचे प्रश्न दुसऱ्याच्या उपयोगाचे नसतात, आणि दुसऱ्याची उत्तरं ऐकून आपली बदलण्याचा मोह होतो. कॉन्फरन्सला एखादी गोष्ट पुन्हा विचारली, तर मुलाखतीत सांगितली तशीच सांगा.